गाडी पाठवायची की नाही

मी डाळिंबाच्या एका व्यापाऱ्याकडे कामाला होते. मालक सांगोल्याच्या बागेत, मी सोलापूरच्या ऑफिसात. कामं ते व्हॉइस नोटवर सांगत आणि त्यात पाहुण्यांकडचं लग्न, आजारी शेळी, सगळं येई. त्या सकाळची नोट संपता संपेना. वैतागून मी ॲपकडून तिचा मजकूर करून घेतला आणि एआयला सांगितलं, कामांची छोटी यादी कर, तातडीचं वर ठेव.

यादी सुबक आली. पहिलंच काम होतं, "उद्या बागेत गाडी पाठवणे, तातडीचे." खाली खोकी मागवणे, भाव विचारणे. तरी खात्री वाटेना, म्हणून मूळ मजकूर वाचला. सुरुवातीला 'उद्या बागेत गाडी पाठव' होतं आणि पार खाली, शेळीच्या औषधानंतर लिहिलं होतं, "ती राहू दे, कालच फवारा मारलाय, एवढ्यात थोडा नाही."

मी कपाळावर हात मारला. 'थोडा' म्हणजे 'तोडा', फळांची तोडणी; फवाऱ्यानंतर काही दिवस फळं तोडत नाहीत. आणि फवारा शेळीला कोण मारतं? 'ती' म्हणजे गाडीच! मालकांना फोन लावला.

"उद्या गाडी पाठवायची की नाही?"

"न्हाय की! सांगितलं न्हवं? अन् ड्रायव्हरला म्या कालच यायला सांगून ठिवलंय, त्याला थांबव आदी."

"हे नोटमध्ये कुठंच नाही."

"ऱ्हायलं आसंल."

मी चिडून फोन ठेवला. यादीतलं पहिलं काम खोडून तिथं 'ड्रायव्हरला नको म्हणून कळवणे' लिहिलं आणि त्याचा नंबर फिरवला. तो डिझेल भरायलाच निघाला होता.