रंजिताचं खरं सर्टिफिकेट

रंजिता राठोड माझ्या घरी आली तेव्हा तिच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेलं सर्टिफिकेट होतं. मी तेहतीस वर्षं आयटीआयमध्ये शिवणकाम शिकवलं, आता निवृत्त होऊन कळंबलाच राहते. कागद दाखवायला माणसं येतात आणि मी त्यांना वैतागून एकच विचारते, कागद राहू दे, कापड कापून दाखव. तिलाही तेच म्हटलं. ती रडायलाच लागली, आणि मला माझ्या जिभेचा राग आला.

रंजिता कळंबजवळच्या एका तांड्यावरची. वय सव्वीस. हाताची सुई तिच्या आजीकडून आलेली. काचा-कवड्यांचं भरतकाम असं करते की तसं मी आयुष्यभर शिकवूनही पोरींच्या हाती उतरवू शकले नाही. मशीन मात्र तिला येत नव्हतं. आणि मशीन तिला हवंच होतं, कारण सोनू, तिची पोरगी, यंदा पहिलीत गेली. दरवर्षी दिवाळीनंतर रंजिता आणि तिचा नवरा शाम ऊसतोडीला जात, आणि पोर सोबत फडावर. शाळेच्या मास्तरांनी सांगितलं होतं, या वर्षी पोरगी चार महिने गायब झाली तर ती मागेच राहील. रंजिताने मनाशी ठरवलं होतं की दिवाळीच्या आत गावातच कमाई सुरू करायची.

म्हणून उन्हाळ्यात इंद्रजीत आला तेव्हा तिला देवच पावला. इंद्रजीत तांड्यातलाच, शहरात राहून आलेला, एका प्रशिक्षण केंद्राचा माणूस. 'फुकट शिवणकाम, सरकारचं सर्टिफिकेट, मग नोकरी.' तांड्यावर अशी गोष्ट नायकाच्या अंगणात ठरते. खेमसिंग नायक म्हणजे तांड्याचा मुखिया आणि शामचा चुलता. नायकाने 'हो' म्हटलं की बायका विचारत नाहीत. नायकासमोर 'किती मशीन?', 'शिकवणार कोण?' असं विचारणं म्हणजे त्याच्या शब्दावर संशय घेणं. वीस बायकांनी आधार कार्डं दिली, हजेरीच्या मशीनवर अंगठे लावले. रंजितानेही लावला.

केंद्र नायकाच्याच जुन्या खोलीत सुरू झालं. मशिनी तीन, त्यांतल्या एकीलाच सुई होती. शिकवणारी बाई आठवड्यातून एकदा यायची. इंद्रजीत म्हणायचा, "काकी, रोज कायले येता? अंगठा लावा, घरचं काम करा."

"मले शिकाचं हाय ना बापू," रंजिता म्हणायची.

"शिकणं होत राहीन. कागद पह्यले."

परीक्षेला बाहेरचा साहेब आला. परीक्षा घेणारा शिकवणाऱ्यापेक्षा वेगळा असतो, तेवढं चांगलंच. पण त्याच्यापुढे ठेवलेले वीस ब्लाउज बाजारातून आणलेले होते. साहेबाने चहा घेतला, फोटो काढले आणि सगळ्या पास झाल्या. नायकाच्या हस्ते कागद वाटले. फोटोत रंजिता मशीनवर हात ठेवून हसते आहे.

मग ती कळंबच्या गणवेश शिवणाऱ्या शेडमध्ये गेली. तिथे बारा विजेच्या मशिनी. मालकाने कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. शर्टाची बाही पुढे टाकली, "हे लाव." पायाखालचं पॅडल दाबताच मशीन सुसाट सुटलं, दोऱ्याचा गुंता झाला. मालक चिडला नाही. "शिकून ये," एवढंच म्हणाला. तिथून ती सरळ माझ्याकडे आली.

मी सर्टिफिकेटवरचा चौकोनी कोड मोबाइलने तपासला. कागद खोटा असता तर बरं वाटलं असतं. कागद खराच होता. नाव, कोर्स, तारीख सगळं बरोबर.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन यवतमाळला कौशल्य विकास कार्यालयात गेले, वाटलं पुन्हा कुठे नाव घालता येईल. तिथल्या मुलीने कॉम्प्युटरवर पाहिलं आणि म्हणाली, "या तर काम करतात की. स्वतःचा शिवण व्यवसाय, घरीच." केंद्राला सरकारकडून शेवटचा हप्ता मिळायचा तर शिकलेली बाई कामाला लागल्याचा पुरावा द्यावा लागतो. पुरावा जोडलेला होता. तो हसरा फोटो, आणि 'ही बाई तांड्यावर शिवणकाम करून कमावते' असा दाखला. दाखल्याखाली खेमसिंग नायकाची सही.

"याच योजनेत हाच कोर्स पुन्हा नाही मिळणार," ती मुलगी हळू आवाजात म्हणाली. "तक्रार मात्र लिहून द्या."

रंजिताने तिथेच तक्रार लिहिली. परतीच्या बसमधून तांड्यावर उतरली ती थेट नायकाच्या अंगणात गेली, मागे मी.

"काका, सही तुमची हाय?"

नायक खाटेवर होता. त्याने नाकारलं नाही, हे मला जास्त लागलं. "इंद्रजीत आपलंच लेकरू. खोलीचं भाडं देऊन राह्यला. म्हने, सही करा, बायांचं भलं होते."

"कोणाचं भलं झालं? मी कमावतो असं लिहून देल्लं तुमी. सोनू फडावर जाईन आता."

"तक्रार वापस घे. तांड्याचं नाव खराब होते."

बाकीच्या एकोणीस जणी भिंतीआडून ऐकत होत्या. तक्रारीत आपलंही नाव द्यायला एकही पुढे आली नाही. त्यांनाही त्याच तांड्यात राहायचं होतं. मला संताप आला, पण कोणावर काढू? घरातल्याच माणसाने घर लुटलं की ओरडायचंही कुठे?

मी रंजिताला म्हटलं, सगळंच काही असं नसतं. यवतमाळला ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहे, बँक चालवते. महिनाभर राहून शिकायचं, जेवण फुकट, रोज मशीनवर बसवतात, नंतर दोन वर्षं विचारपूस करतात, कर्जाचा अर्ज बँकेपर्यंत नेतात. ती वेगळी योजना आहे, तिथे विचारू.

तिने माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुमी शिकवलेल्या बाया आज शिवून कमावतात का? किती?"

तेहतीस वर्षांत कुणी मला हा प्रश्न विचारला नव्हता. मी आठवत बसले. चार नावं सांगता आली. रंजिता त्या चौघींच्या घरी जाऊन आली. दोघी कमावत होत्या. एकीने मशीन विकलं होतं. चौथी म्हणाली, मॅडमनं शिवणं चांगलं शिकवलं, पण गिऱ्हाईक कसं आणाचं ते कधी सांगितलंच नाही. रंजिताने हे मला जसंच्या तसं सांगितलं.

मग ती एकटीच यवतमाळच्या त्या संस्थेत गेली. मशिनी मोजल्या. मागच्या बॅचच्या तीन बायकांचे पत्ते मागितले आणि तिन्ही घरं पाहून आली. त्यांतल्या दोघी शिवत होत्या, गणवेशाच्या त्याच शेडसाठी. शेडच्या मालकालाही विचारून आली की तुम्हाला कोणती शिलाई येणारी बाई हवी. पुढची बॅच दिवाळीनंतर आठ दिवसांनी होती. ऊसतोडीचा ट्रक भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी निघणार होता. शाम म्हणाला, मी भावासोबत जातो, तू आणि सोनू राहा. रंजिताने आपल्या आईला तांड्यावर सोनूजवळ बोलावलं. तक्रार तिने मागे घेतली नव्हती, म्हणून नायकाच्या घरून या दिवाळीला त्यांना बोलावणं आलं नाही.

अर्ज भरायला ती माझ्याकडे आली. मला राहवेना. संस्थेतले एक साहेब माझ्या ओळखीचे, म्हटलं, थांब, एक फोन करते, तुझं नाव नक्की लागेल.

तिने माझा हात धरला. "फोन नका करू मॅडम. ओळखीच्या सहीनंच तर मले फसवलं."