साडेतीन तासांचं कनेक्शन

मुलाने माझं बडोद्याहून गुवाहाटीचं तिकीट काढलं, तेव्हा दिल्लीला विमान बदलायला सव्वा तास ठेवला होता. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मी चालते, पण सावकाश. मी त्याला तिकीट बदलायला लावलं आणि साडेतीन तासांचं कनेक्शन घेतलं.

"आई, व्हीलचेअर सांगतो ना. एवढा वेळ काय करणार तू?"

"चालेन," मी म्हटलं.

दिल्लीला सुरक्षा तपासणीनंतर प्रवाशांना गेटकडे नेणाऱ्या बॅटरीवरच्या बग्गीचा थांबा दिसला. पहिली बग्गी भरलेली होती. दुसरीत जागा मिळाली, पण ती ठरलेल्या थांब्यापर्यंतच जात होती. माझं गेट तिथून बरंच पुढे होतं. मी उतरले तेव्हा चालक हिंदीत म्हणाला, "माताजी, खूप लांब आहे. व्हीलचेअर बोलावू?"

"नको. वेळ आहे माझ्याकडे."

सरकत्या पट्ट्यावरून, मग बाकावर बसत, पुन्हा उठत मी निघाले. अर्ध्या वाटेत पडद्यावर गेट बदललेलं दिसलं. नवं गेट मी मागे टाकून आलेल्या बाजूला होतं. तिथेच उभी राहून पाणी प्यायले, आणि उलटी फिरले. धावणारी माणसं मला वळसा घालून जात होती. मी कोणासाठीही बाजूला झाले नाही.

गेटवर पोचले तेव्हा बोर्डिंगला अजून पाऊण तास होता. मुलाचा फोन आला. "पोचलीस? कोणी आणलं?"

"माझ्या पायांनी," मी म्हटलं. "आणि परतीचं तिकीटही असंच काढ."