‘असू शकते’ कापले

कंपनीत तिला सगळे कात्री म्हणत. साहेब लोकांनी स्लाइडवर शब्दांचे डोंगर रचायचे आणि हिने ते कापून काढायचे, हे तिचे काम. कॅन्टीनमधल्या पडद्यावर प्रत्येक स्लाइड फक्त काही सेकंद दिसायची. ताटावरून मान वर करून एका नजरेत कळली तर कळली, नाहीतर गेली.

त्या दिवशी आलेली स्लाइड मात्र तिने दोनदा वाचली. ‘पॅकिंग विभागातील मनुष्यबळाचे धोरणात्मक पुनर्संरेखन करून कार्यक्षमतेच्या नव्या संधी साध्य केल्या जातील.’ पॅकिंगमध्ये तिची धाकटी जाऊ होती, घरी तान्हं बाळ असलेली.

ती तडक मॅनेजरकडे गेली. “सर, कोण, कुठे, कधीपासून? एवढंच सांगा.”

“इतकं स्पष्ट नको हो. लोक घाबरतात.”

“नोकऱ्या जातायत का?”

“नाही, नाही!” मग ते घुटमळले. “पण नेमकं... विचारावं लागेल.”

म्हणजे ज्याने लिहिले त्यालाही माहीत नव्हते. जड शब्दांची हीच तर सोय असते! ती खुर्ची ओढून बसलीच. मॅनेजरांनी नाइलाजाने वरच्यांना फोन लावला आणि उत्तर आले: विभाग बंद, सगळे गोदामात, सोमवारपासून, आणि काम रात्रीचे. रात्री जमणार नसेल त्यांना दिवसाच्या मोजक्या जागा, पण आधी सांगेल त्यालाच.

जावेचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि कात्रीची धार बोथट झाली. तिने लिहिले, ‘पाळी रात्रीचीही असू शकते.’ मग नेहमीच्या रिवाजाप्रमाणे विभागाचे नाव झाकून ती स्लाइड फाटकावरच्या नव्या रखवालदाराला दाखवली, मनात पाच मोजले आणि फोनचा पडदा बंद केला.

“काय कळलं, काका?”

“काम बदलतंय. दिवसाचंच राहील बहुतेक.”

तिला स्वतःचाच राग आला. माया करायच्या नादात तिने जावेला चक्क फसवले असते. तिने ‘असू शकते’ कापून टाकले.

‘पॅकिंग विभाग बंद होतोय. कोणाची नोकरी जाणार नाही. सोमवारपासून सगळे गोदामात, रात्रपाळीत. रात्री जमणार नाही? आजच सुपरवायझरला सांगा.’

मॅनेजर म्हणाले, “शेवटची ओळ काढा, रांग लागेल.”

“लागू दे. ती ओळ काढायची असेल तर स्लाइड तुम्हीच करा.”

ओळ राहिली.

दिवसाच्या जागा मोजक्या, म्हणून घरी जावेला आधी सांगणे तिने टाळले. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती मुद्दाम कॅन्टीनच्या दाराशी उभी राहिली. पडदा बदलला. जावेचा घास हातातच थांबला. तिने एकदाच वाचले, कात्रीकडे जळजळीत नजर टाकली, ‘घरी सांगता आलं नाही?’ असे विचारणारी. आणि उष्ट्या हातानेच उठून सगळ्यांच्या आधी सुपरवायझरच्या खोलीकडे धावत सुटली.