सहाच्या रकान्यातले आठ

"नऊ बराबर हायेत जी सर, पन थे आले कसे, हे तं पाहा."

प्रेमलाबाईंनी दोन उत्तरपत्रिका आपटे सरांपुढे ठेवल्या. मुख्य परीक्षक आपटे सर चहात बिस्कीट बुडवत होते. बिस्कीट तुटून कपात पडलं, तरी त्यांनी मान वर केली नाही.

"बाई, आपण मराठीत बोला. मग पाहतो."

हे त्यांचं नेहमीचं. दारव्ह्याच्या प्रेमलाबाई पुण्यात येऊन अठरा वर्षं झाली, वर्गात त्या प्रमाण मराठी बोलायच्या. पण दमल्या की जीभ आपल्या गावाला निघून जायची, आणि आज तर दुपारपासून त्यांचे डोळे चुरचुरत होते. स्वारगेटजवळच्या एका कॉलेजात त्या अल्गोरिदम शिकवायच्या, करारावर. करार दर जूनला नवा व्हायचा, आणि त्यावर शिफारस आपटे सरांची लागायची.

"हा पेपर मीच काढला," त्या म्हणाल्या. "पिशवी भरायचं शून्य-एक नॅपसॅक आणि नाण्यांची मोड, दोन्हींची तुलना करा, रिकरन्स म्हणजे मागच्या घरांवरून पुढचं घर काढायचं सूत्र लिहा, तक्ता भरा. आठ मार्क."

"गुणांची स्कीमही आपणच लिहिलीत. तक्त्याच्या शेवटच्या घरात नऊ असेल तर आठ, नसेल तर दोन. सुटसुटीत आहे, मला आवडली."

"थेच तं चुकलं."

पलीकडच्या टेबलावर राकेश पेपर तपासत होता. नोकरीला लागून वर्षही झालं नसेल. या दोन्ही पत्रिका त्यानंच तपासल्या होत्या. तो कान देऊन ऐकू लागला.

प्रेमलाबाईंनी पहिली पत्रिका उघडली. "तीन किलोची वस्तू, किंमत चार. चार किलोची, किंमत पाच. पाच किलोची, किंमत सात. पिशवीत मावते सात किलो, किंमत जास्तीत जास्त भरायची. तक्त्यात दर वस्तूला एक ओळ, दर किलोला एक रकाना. आता यानं काय लिहिलं पाहा. वस्तू घेतली की उरलेल्या वजनासाठी त्याच ओळीत मागे पाहायचं. ही रीत नाण्यांची. एक, तीन, चारची नाणी असतील आणि सहा द्यायचे असतील, तर तीनचं नाणं दोनदा देता येतं, म्हणून तिथं त्याच ओळीत पाहायचं. नॅपसॅकमध्ये वस्तू एकच. घेतली की संपली. तिथं वरच्या ओळीत पाहायला पाह्यजे."

"तरी उत्तर नऊ."

"हो नं. सातात तीन आणि चार किलो चपखल बसतात, किंमत चार नि पाच, म्हणून दोन्ही रीतींनी नऊच येतात. पन सहा किलोचा रकाना पाहा. शेवटच्या ओळीत आठ. तीन किलोची एकच वस्तू यानं दोनदा पिशवीत कोंबली. तिथं सात पाह्यजे होते. त्याले आठापैकी आठ." त्यांनी दुसरी पत्रिका पुढे सरकवली. "याचा रिकरन्स बराबर, सहाच्या रकान्यात सात. दुसऱ्या ओळीत पाच नि चारची बेरीज आठ केली, म्हून खाली आठ उतरले. याले दोन. तीन मार्कांनी नापास होते हा."

आपटे सरांनी चमच्यानं कपातलं बिस्कीट काढलं. "मग त्या एकाचे मार्क वाढवा. कोण विचारतंय?"

"आनि बाकीच्यांचं? अर्धे गठ्ठे तपासून झाले. सगळे पुन्हा पाहा लागतीन."

"म्हणजे प्रश्न चुकला, असं आपण लेखी देणार. जून जवळ आलाय, बाई."

प्रेमलाबाईंनी दुसऱ्या पत्रिकेचं पहिलं पान उलटून पाहिलं. नावं झाकलेली होती. हा नापास होणारा कोण, मुलगा की मुलगी, हे त्यांना कधी कळणार नव्हतं. तो भेटून आभार मानणार नव्हता. उलट पहिल्या पत्रिकेवाला मार्क गेले म्हणून शिव्याच घालणार होता.

"आकडे मी निवडले," त्या म्हणाल्या. "सातच्या ठिकाणी सहा किलो ठेवले असते तं चोर आपोआप पकडल्या गेला असता. कागद द्या."

त्यांनी चार ओळी लिहून सही केली. रिकरन्सला चार, तक्त्याला तीन, उत्तराला एक, अशी नवी स्कीम खाली जोडली. आपटे सरांनी कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला.

"शुद्धलेखन मात्र चांगलं आहे तुमचं," ते म्हणाले, आणि शिपायाला तपासलेले गठ्ठे परत आणायला सांगितलं.

राकेशनं घड्याळाकडं पाहून उसासा टाकला. "मॅडम, मला आज कसब्यात सासुरवाडीला जेवायला जायचंय हो."

"सासुरवाडीचं जेवन थंडं झालं तरी गोड लागते. सहाचा रकाना पाह्य आधी, आठ दिसले की थांब, रिकरन्स पाह्य."

दुसऱ्या पत्रिकेवरचा दोनाचा आकडा त्यांनी लाल रेघेनं खोडला, बाजूला सहा लिहिले आणि सही केली. मग पहिली ओढली, आठ खोडले. चष्मा पुसला. पुढचा गठ्ठा सोडून त्यांनी वरची पत्रिका उघडली आणि सहाच्या रकान्यावर बोट ठेवलं.