आखणीचा हात

पेणच्या मूर्तिशाळांत मातीकाम करणारे पुष्कळ. डोळ्यांची आखणी करणारे मात्र मोजकेच, आणि त्यांत दिनानाथांचे नाव पहिले घेतले जाई. भुवईची रेघ ते एका श्वासात ओढीत.

त्या आषाढात मूर्तिशाळेच्या ओल्या पायरीवरून त्यांचा पाय घसरला. हातांत दीड फुटी मूर्ती होती. पडताना माणूस हात टेकतो. मूर्तिकार मूर्ती सावरतो. हनुवटी फळीवर आपटली, मान मागे हिसकली. मूर्तीला मात्र ओरखडाही उठला नाही.

"मामा, बाप्पानं राखलं तुम्हाला!" शाळेचे मालक काळुराम म्हणाले.

"मी बाप्पाला राखलं म्हन की," मान चोळीत दिनानाथ हसले.

मान दुखतच राहिली. उजव्या दंडातून अंगठ्यापर्यंत मुंग्या येऊ लागल्या. पुढे रेघ थरथरली, तेव्हा त्यांनी दोष ब्रशाला दिला आणि एकामागून एक तीन ब्रश बदलले. मग डावा हातही जडावला. सदऱ्याच्या गुंड्या लागेनात. आखणीसाठी मान वाकवली की पाठीतून पायांपर्यंत विजेसारखी लहर जाई. त्यांनी कोणाला सांगितले नाही. चतुर्थी तीन आठवड्यांवर आली होती.

"अवो, पाय का वढताव?" पत्नी इंदुबाईंनी विचारले.

"चप्पल सैल हाय."

"मंग काढून चाला बघू!"

अनवाणीही त्यांनी भिंत धरली. लघवीलाही हल्ली वेळ लागत होता. ते इंदुबाईंना ठाऊक होते. रोह्याजवळ वरसे गावी एकजण मान मोडून मोकळी करतो असे कळल्यावर तिकडे न्यायला त्यांनी पिशवी भरली.

त्याच सकाळी दिनानाथ सुट्टी सांगायला गेले, तेव्हा काळुरामांनी त्यांनी आखलेल्या फळीवरच्या सहा मूर्ती पाहिल्या. एकीचेही दोन डोळे सारखे नव्हते. ते रागावले नाहीत. "मामा, वरशाला नाय. आधी सरकारी दवाखाना," एवढेच म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी मुठी भराभर उघडमीट करायला सांगितल्या, बोटे रेंगाळली. गुडघ्यावर हातोडी पडताच पाय जोरात उडाला. तळव्यावर किल्ली ओढली, तर पायाचा अंगठा वर उठला.

"एकाच हाताला मुंग्या असत्या, तर नस दबली म्हटलं असतं," त्या म्हणाल्या. "इथं दोन्ही हात, चाल, लघवी, सगळंच आहे. मानेतला मज्जारज्जू दाबला गेलाय. ही मान कुणी मोडली असती, तर कदाचित अंथरुणालाच खिळला असतात."

मानेला पट्टा लागला आणि आडवे निजवून त्यांना तातडीने मुंबईला नेण्याची तयारी झाली.

"आखणीचा हात परत येईल?"

"ऑपरेशन आहे तेवढं राखण्यासाठी. गेलेलं किती येईल, ते सांगता येत नाही. पडलात त्याच आठवड्यात यायला हवं होतं."

ऑपरेशनने पाय राहिले; काठीच्या आधाराने का होईना, दिनानाथ चालू लागले. बोटे मात्र परतली नाहीत. पुढच्या आषाढात ते काळुरामांकडे गेले आणि कापडात गुंडाळलेले ते तीन ब्रश त्यांनी फळीवर ठेवले.

"ठेव हे," ते म्हणाले. "चांगले हायेत. त्यांचा काय दोष नव्हता, काळू."