बरं वाटण्याची मर्यादा

तिला सगळे मासोळी म्हणत. तलावावर येणारी पोरं, त्यांच्या आया, तिकीटखिडकीवरचा कारकून, सगळे. पोहायला शिकवता शिकवता तिची पन्नाशी उलटली होती. पाण्याला घाबरणाऱ्या पोराला ती गप्पांच्या नादात खोल पाण्यात कधी न्यायची, हे त्या पोरालाही कळायचं नाही.

तिलाच पाण्याबाहेर यायची शिडी चढताना धाप लागायला लागली, तेव्हा तिने वयाच्या नावावर बिल फाडलं. चेहरा पांढराफटक पडला, हातपाय गळून गेले. मधुमेहाने मूत्रपिंडं निम्म्याहून जास्त निकामी झाली आहेत हे तिला ठाऊक होतं, पण त्याचा रक्ताशी काय संबंध? तिने आपल्या मनाने लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. फरक शून्य.

"रक्त हाडांतल्या मज्जेत तयार होतं," किडनीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. "पण ते तयार करा, असा निरोप मूत्रपिंडं धाडतात. एरिथ्रोपोएटिन नावाचा. तुमची मूत्रपिंडं थकलीत, निरोप पुरेसा जात नाही."

"मग लोह?"

"तो कच्चा माल. तोही तुमच्यात कमी आहे, आणि गोळ्यांनी भागत नाहीये. आधी तो सलाईनमधून भरू, मग निरोपाचं इंजेक्शन."

मासोळीने मान हलवली. नवऱ्याने बाहेर आल्यावर विचारलं, "काय कळलं?"

"काहीच नाही. पण बाई हुशार वाटली."

हिमोग्लोबिन आठ होतं. लोह भरलं, मग दर आठवड्याला पोटाच्या कातडीखाली इंजेक्शन सुरू झालं. नवरा विजेची कामं करायचा, त्याचा हात स्थिर. पण सुई बघून त्यालाच घाम फुटायचा. शेवटी ती स्वतःच टोचून घ्यायला शिकली. दोन-अडीच महिन्यांत ती पुन्हा खोल पाण्यात उतरली. अंगात जणू दुसरीच बाई शिरली होती.

पुढच्या तपासणीत आकडा पावणेबारा आला. ती पेढे वाटायच्या तयारीत होती. डॉक्टरीणबाईंच्या कपाळावर मात्र आठी.

"फार वेगाने चढलंय. रक्तदाबही वाढलाय. इंजेक्शन सध्या बंद."

"बंद? अहो, आत्ता कुठे माणसात आलेय मी! निरोगी बाईला बारा-तेरा असतं ना?"

"असतं. पण या औषधाने ओढून तिथवर नेलं, तर लकवा आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो. दहा-अकराच्या आसपास थांबायचं."

चढत्या आकड्याला ब्रेक लावणारा डॉक्टर तिने जन्मात पाहिला नव्हता. फ्रिजमध्ये दोन इंजेक्शनं उरली होती. पोरांच्या शर्यती तोंडावर आल्या होत्या. तिने नवऱ्याला न सांगता एक घेतलं, पुढच्या आठवड्यात दुसरं. चोरी केल्यासारखंही वाटेना. औषध तिचंच, अंगही तिचंच.

शर्यतींच्या आदल्या आठवड्यात पाण्यात असताना डोकं ठणकायला लागलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. काठ कुठल्या बाजूला हे तिला, मासोळीला, कळेना. एका पोराच्या आईने हात धरून बाहेर ओढलं. दवाखान्यात रक्तदाब एकशे नव्वदच्या वर, हिमोग्लोबिन तेराला टेकलेलं. लकव्याची शंका घेऊन मेंदूचा फोटो काढला. तो सुदैवाने स्वच्छ निघाला.

"उरलेली घेतलीत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. नवरा बायकोकडे बघतच राहिला.

"घेतली. आता ते बाहेर काढता येतं का?"

"नाही. तयार झालेल्या पेशी आपापलं आयुष्य जगूनच जातील. तोवर रक्तदाब सांभाळायचा आणि वाट बघायची."

घरी नवरा दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी चहा पुढ्यात ठेवत म्हणाला, "अगं, विचारायचं तरी होतंस मला."

"तुम्ही नको म्हणाला असतात."

"म्हटलंच असतं!"

तिला रडू आलं, ते चूक केल्याचं नव्हे, गोंधळाचं. धाप लागायची तेव्हा आजारी असल्याचं कळत तरी होतं. अंगात वारं भरलं होतं, पोरांशी शर्यत लावत होती, तेव्हाच जिवावर बेतत होतं. मग आपल्याच अंगावर भरवसा ठेवायचा तरी कसा? हे तिने पुढच्या भेटीत विचारलं.

"पूर्ण नका ठेवू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रोज रक्तदाब, दर महिन्याला रक्त. आणि काही वाटलं तर मला फोन."

आकडा हळूहळू साडेदहावर उतरल्यावर कमी मात्रेचं इंजेक्शन पुन्हा सुरू झालं. मासोळी परत तलावावर जाऊ लागली. खोल पाण्यात आता तिच्याकडे शिकलेली एक मुलगी उतरते. ती स्वतः उथळ बाजूला कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून पोरांचे पाय धरते. कधी दिवस छान जातो, अगदी पहिल्यासारखा. मग ती घरी येऊन मुकाट्याने दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधते, आणि आकडा येईपर्यंत, बरं वाटतंय म्हणून हसावं की काळजी करावी, हे तिला अजूनही नीटसं ठरवता येत नाही.