केशोराव अर्जनवीस आणि तीन ओळींची चिठ्ठी

गोंदिया तहसील कचेरीसमोरच्या कडुनिंबाखाली केशोराव अर्जनवीस तीस वर्षं बसत होता. इंग्रजी अर्ज लिहावा तर केशोरावानं, अशी त्याची ख्याती होती आणि ती पसरवण्यात त्याचाच मोठा हात होता. अर्ज जितका लांब तितकी अदब जास्त, हे त्याचं पक्कं मत. दोन्ही बाजूंनी कागद भरल्याशिवाय त्याला अर्ज नागडा वाटे.

एका गुरुवारी फुलचूरची जमुनाबाई धानाची रोवणी सोडून धावत आली. पायाचा चिखलही वाळला नव्हता. नवरा दुधराम रेल्वेत खलाशी, तेव्हा नैनपूरला. त्याच्या हट्टापायी पोरगी रुख्मा इंग्रजी शाळेत दुसरीत होती.

"पोरगी सोमवारपासून तापानं पडून हाय जी," जमुनाबाई म्हणाली. "सहा दिवस चिठ्ठीबिगर घरी राह्यली तं नाव कटते. शनिवारी सहावा दिवस. अना बाईले मराठी वाचता येत नाही."

वर्गाच्या लोबो बाई गोव्याकडून नव्यानंच आल्या होत्या. केशोरावानं बाह्या सरसावल्या. शाळेच्या बाईला लिहिण्याची ही त्याची पहिलीच वेळ, पण अर्ज म्हणजे अर्ज. अर्जदार जमुनाबाई, मौजा फुलचूर, तहसील गोंदिया, जिल्हा भंडारा. गैरअर्जदार, म्हणजे विरुद्ध पक्ष, वर्गशिक्षिका. मग अनुक्रमे नऊ मुद्दे. त्यात घराण्याची इज्जत, दुधरामची नोकरी, आणि सातव्या मुद्द्यात कुठेतरी ताप. शेवटी बाईंच्या दीर्घायुष्यासाठी चार ओळी प्रार्थना. खाली अंगठा, वर कोर्ट फीचं तिकीट. माणूस कामाला पक्का होता, त्यात वाद नाही.

तासाभरात जमुनाबाई परत आली, तीही अर्ज घेऊनच.

"काय लिवलं जी तुमी? बाई पांढरीफटक पडली! शाळेनं काय गुन्हा केला म्हून हेडमास्तराकडे पळाली. तिले वाटलं मी कोर्टात गेली!"

"गैरअर्जदार लिहावंच लागतं," केशोराव पुटपुटला.

"कायले? मी बाईसंग भांडून राह्यली का? हेडमास्तर म्हणते, साधी चिठ्ठी आणा, तीन ओळीची. उद्या दुपारपर्यंत. नाही तं नाव कटलंच समजा."

तीन ओळी! केशोरावाचा इतका अपमान तहसीलदारानंही केला नव्हता. पण पोरीचं नाव कटलं तर ते आपल्या अक्षरानं कटणार, हे त्याला कळत होतं आणि ते त्याच्या जिवाला लागलं. त्यानं संध्याकाळपर्यंत चार कागद फाडले. सर्वांत छोटा मसुदा एकवीस ओळींचा झाला.

शुक्रवारी सकाळी त्यानं हात टेकले. "जमुनाबाई, बाईला मराठी येत असती तर तू तोंडानं काय म्हटलं असतं?"

"काय म्हनाचं? बाईजी, माही रुख्मा तापानं फणफणून राह्यली. शाळेत येऊ शकत नाही. सोळापासून एकवीसपर्यंत सुट्टी देजा, एवढी मेहरबानी करा."

केशोराव लिहू लागला. 'रिस्पेक्टेड मॅडम,' इथवर ठीक. फणफणण्यावर तो अडला. पोरगी पेटली असं लिहिलं तर बाई आज पाण्याची बादली घेऊन पळेल. म्हणून नुसतं, 'माय डॉटर रुख्मा हॅज फीवर अँड कॅनॉट कम टु स्कूल.' मग मेहरबानी. चार ओळींची प्रार्थना हाताशी आली होती, तेवढ्यात जमुनाबाईनं त्याचं मनगट धरलं.

"बास जी. एकदाच म्हना."

तो थांबला आणि त्यानं लिहिलं, 'काइंडली ग्रँट हर लीव्ह फ्रॉम सिक्स्टीन्थ टु ट्वेंटी-फर्स्ट ऑगस्ट. युवर्स रिस्पेक्टफुली, जमुनाबाई.' सगळी मेहरबानी एका 'काइंडली'त मावली होती. केशोरावाला ते बघून जरा भीतीच वाटली. तिकीट नाही, अंगठा मात्र घेतला.

दुपार झाली. केशोरावानं दोन गिऱ्हाइकं परत पाठवली. शाळेच्या रस्त्याकडे बघून बघून त्याची मान दुखली.

जमुनाबाई आली ती चिठ्ठी पुढे करूनच. "नाव राह्यलं का कटलं, वाचा लवकर!"

खाली लाल शाईत लिहिलं होतं, 'लीव्ह ग्रँटेड. गिव्ह रुख्मा माय लव्ह.'

"सुट्टी मंजूर. नाव राहिलं," केशोराव म्हणाला. पुढच्या वाक्याला कचेरीच्या भाषेत शब्दच नव्हता. मग तो जमुनाबाईच्याच बोलीत म्हणाला, "अन् बाईचा रुख्मावर लई जीव हाय."

जमुनाबाईनं पदरानं डोळे पुसले. केशोराव मात्र कागद सोडेना. त्यानं आजवर हजारो अर्ज लिहिले, ते सगळे त्या कचेरीच्या दारातून आत गेले. त्यांचं पुढं काय झालं हे त्याला सांगायला कोणी कधी आलं नव्हतं. उत्तर त्यानं आजच पाहिलं.

"एवढंसं वाचाले किती वेळ लावता जी?" जमुनाबाई म्हणाली.

"थांब," केशोराव म्हणाला, "आणखी एकदा वाचतो."